मजकूर व तारे नसलेल्या ग्राहक-अभिप्रायास उत्तर कसे लिहावे?

कोकणातील बरेच हापूस बागायतदार आता पेट्या थेट ग्राहकांच्या घरी पाठवितात. बागेचे नाव गुगल नकाशावर नोंदविलेले असल्यास ग्राहक तेथे एक ते पाच तारे देऊन अभिप्राय लिहितो व मालक त्याखाली उत्तर देऊ शकतो. हे उत्तर त्या ग्राहकाबरोबरच पुढे पेटी मागविणारा प्रत्येकजण वाचतो. पुष्कळदा पुण्या-मुंबईकडे विक्री पाहणारा पुतण्या किंवा भाचा फक्त ‘अमक्यांचा अभिप्राय आला आहे, उत्तर लिहा’ एवढाच निरोप धाडतो. मजकूर नाही, तारेही नाहीत. अशा वेळी काय करावे?

प्रथम अभिप्राय शोधावा

गुगलवर मजकूर न लिहिता नुसते तारे देता येतात. परंतु तारे न देता अभिप्राय नोंदविताच येत नाही. म्हणून दोन्ही दिसत नसतील तर अभिप्राय कोरा आहे असे समजू नये. एक तर तो निरोपातून गळला आहे, किंवा ग्राहकाने काढून घेतला आहे, अथवा गुगलच्या तपासणीत अडकला आहे. नकाशावर आपल्या बागेचे नाव उघडून सर्वांत नवीन अभिप्राय पाहावेत. तेथे सापडल्यास वाचूनच उत्तर द्यावे. तेथेही नसल्यास उत्तर लिहिण्यास जागाच नसते. घाई करू नये. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावे. काढून घेतलेल्या अभिप्रायाबद्दल ग्राहकाकडे विचारणा करीत बसू नये.

अंदाजाने लिहिल्यास काय बिघडते?

समजा, देवगडच्या एका बागायतदाराने 12 एप्रिलला पाच डझनांची पेटी पुण्यास पाठविली. निरोप आल्यावर त्याने मजकूर न पाहता पुतण्यास कळविले, ‘आंबे आवडले हे वाचून आनंद झाला, असे लिही.’ ग्राहकाने मात्र एक तारा देऊन ‘बारा फळांत साका निघाला’ असे लिहिले असेल, तर हे उत्तर थट्टा केल्यासारखे वाटेल. उलट, ‘साक्याबद्दल क्षमस्व, पैसे परत करू’ असे लिहिले आणि ग्राहकाची तक्रार फक्त पेटी उशिरा मिळाल्याची असेल, तर नसलेला दोष आपणच चारचौघांत कबूल केल्यासारखे होते. पाच तारे असतील तर ते अधिकच विचित्र दिसते.

वहीतील नोंद पाहावी

उत्तरापूर्वी रवानगीची वही उघडावी. पेटी क्रमांक, काढणीची तारीख, फळाची तयारी व वाहन या नोंदी पाहाव्यात. साका बाहेरून ओळखता येत नाही. फळ कापल्यावरच कळतो. म्हणून त्याच दिवशीच्या काढणीच्या पेट्या घेतलेल्या दोन-तीन ग्राहकांकडे फळे कशी निघाली याची चौकशी करावी. ही माहिती ग्राहकाशी फोनवर बोलताना उपयोगी पडते. जाहीर उत्तरात मात्र ती घालू नये. ग्राहकाचा पत्ता किंवा फोन क्रमांक तर मुळीच लिहू नये.

उत्तराचा नमुना

नेट मिळत नसल्यामुळे अभिप्राय पाहता येत नाही व विक्री पाहणाऱ्याकडे उत्तर ताबडतोब द्यावयाचे आहे, अशी अडचण असल्यास पुढीलप्रमाणे लिहावे :

‘नमस्कार. आमच्या बागेतील आंबा आपण मागविलात व आपले मत कळविलेत, याबद्दल आभारी आहोत. आपल्या पेटीची नोंद आमच्या वहीत आहे. फळांविषयी किंवा पोहोचविण्याविषयी आणखी काही सांगावयाचे असल्यास पेटीवर छापलेल्या क्रमांकावर अवश्य फोन करावा.’

यात आनंद नाही, क्षमा नाही, भरपाईचे वचनही नाही. पेटीची नोंद वहीत खरोखर सापडली असेल तरच ते वाक्य ठेवावे, नाहीतर गाळावे.

उत्तराची पारख

लिहिलेले उत्तर दोनदा वाचावे. एकदा वर एक तारा व ‘फळे सडकी निघाली’ असा मजकूर आहे असे धरून, दुसऱ्यांदा पाच तारे व ‘फार गोड आंबा’ असे धरून. ज्या वाक्याला कोणत्याही एका ठिकाणी बाध येईल ते खोडावे.

हे उत्तर तात्पुरते आहे, हे लक्षात ठेवावे. सडक्या फळांच्या तक्रारीखाली ते तसेच राहिल्यास कोरडे वाटते. मालकाला आपले उत्तर नंतर बदलता येते; म्हणून मूळ अभिप्राय दिसताच त्यातील प्रत्यक्ष तक्रारीस धरून ते पुन्हा लिहावे. तसेच पुतण्याला सांगून ठेवावे, की निरोपाबरोबर अभिप्रायाचा फोटो पाठवावा, म्हणजे ही वेळच येणार नाही.