मोठ्या डॉक्टरांना पत्र

आमच्या रात्रीच्या वर्गाला शेजारच्या वाडीतली एक लेक येत असे. एके दिवशी ती पिशवीभर कागद घेऊन आली आणि म्हणाली, “गुरुजी, आईची पिशवी काढायची म्हणतात. आठ दिवसांत या म्हणाले. गाठ वाढत चाललीय म्हणे. खरंच काढावी लागंल का, हे दुसऱ्या मोठ्या डॉक्टरास्नी विचारायचंय. पत्र कसं लिवू?”

पिशवी म्हणजे गर्भाशय. एकदा काढले की ते परत बसवता येत नाही. म्हणून काढण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाला विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

तिने एक पत्र आधीच लिहून आणले होते. दोन पाने भरली होती. “आईला फार त्रास आहे, घरची परिस्थिती गरिबीची आहे, कृपा करा,” असे त्यात होते. पण त्रास कसला, कधीपासून, किती, हे कुठेच नव्हते. ते वाचून डॉक्टर काय सांगणार? मग आम्ही वर्गातच ते कागद चटईवर मांडले.

पहिले काम तारखांचे. प्रत्येक कागदावरची तारीख शोधली आणि जुना कागद खाली, नवा वर, अशी चळत न करता उलट केले. सर्वांत जुना पहिला ठेवला. दुखणे ज्या क्रमाने घडले, त्याच क्रमाने कागद लागले. औषधाच्या दुकानाची बिले बाजूला काढली.

दुसरे काम आकड्यांचे. इथेच एक गोष्ट उघडी पडली. सोनोग्राफीचे दोन कागद होते. सप्टेंबरच्या कागदावर गाठ ३.० होती. फेब्रुवारीच्या कागदावर ३१ होती. “तिनाची एकतीस झाली!” म्हणून घरात रडारड झाली होती. आम्ही म्हटले, आकड्यापुढचे अक्षर वाचा. पहिल्या कागदावर सेंटीमीटर लिहिले होते, दुसऱ्यावर मिलिमीटर. दहा मिलिमीटरचा एक सेंटीमीटर होतो. म्हणजे ३१ मिलिमीटर म्हणजे ३.१ सेंटीमीटर. मोजताना एवढा फरक सहज पडतो. पाच महिन्यांत गाठ जवळजवळ होती तेवढीच होती. म्हणून आकडा उतरवताना त्यापुढचे माप कधी गाळू नये.

मग लेकीने नवे पत्र लिहिले. नावगाव गाळून ते इथे देतो.

“दि. १० फेब्रुवारी २०२४

मा. स्त्रीरोगतज्ज्ञ यांस,
सा. न. वि. वि.

माझ्या आईला गर्भाशय व दोन्ही अंडाशये काढण्याचा सल्ला मिळाला आहे. त्याबद्दल आपले मत हवे आहे.

रुग्ण : वय ४२. तीन बाळंतपणे, तिन्ही घरी. मूल न होण्याची शस्त्रक्रिया २००९ साली झाली. साखर, रक्तदाब नाही. कोणत्याही औषधाची ॲलर्जी माहीत नाही.

त्रास : जून २०२३ पासून पाळीत जास्त रक्त जाते. पूर्वी पाळी ४ दिवस असे, आता ९ दिवस असते. पहिले तीन दिवस रोज ७ ते ८ घड्या बदलाव्या लागतात, गाठी पडतात. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात नाही. चढ चढताना धाप लागते. मागची पाळी २८ जानेवारीला आली.

तपासण्या : १८ सप्टेंबर २०२३ – हिमोग्लोबिन ९.६. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत ३.० सेंमी गाठ. ५ फेब्रुवारी २०२४ – हिमोग्लोबिन ८.१. ६ फेब्रुवारी – सोनोग्राफीत गाठ ३१ मिमी, दोन्ही अंडाशये ठीक.

औषधे : सप्टेंबरमध्ये लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. मळमळते म्हणून आईने २० दिवसांनी बंद केल्या. रक्त थांबण्याचे औषध घेतलेले नाही.

न झालेल्या तपासण्या : गर्भाशयाच्या तोंडाची व आतल्या अस्तराची तपासणी झाल्याचा कागद आमच्याकडे नाही.

सल्ला : ७ फेब्रुवारीला, आठ दिवसांत शस्त्रक्रिया करा, नाहीतर कॅन्सर होईल, असे सांगितले.

आमचे प्रश्न : १) शस्त्रक्रिया आता लागेल का? २) आधी औषधाने भागेल का? ३) अंडाशये ठीक असताना ती काढावी लागतील का? ४) रक्त इतके कमी असताना शस्त्रक्रिया केली तर धोका किती?

चार कागदांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. मूळ कागद आमच्याजवळ आहेत. तपासणीसाठी कधी आणू, ते कळवावे.

आपली,
रुग्णाची मुलगी”

आता या पत्रात काय आहे ते पाहा. काय हवे आहे, ते पहिल्याच ओळीत आले. ‘फार रक्त जाते’ असे न लिहिता किती दिवस आणि किती घड्या, ते लिहिले. आईने गोळ्या सोडल्या, हेही लपवले नाही. ते लपवले असते, तर गोळ्या घेऊनही रक्त उतरले, असा डॉक्टरांचा गैरसमज झाला असता. जी तपासणी झाली नाही, तीही लिहिली. पहिल्या डॉक्टरांचे बोलणे जसेच्या तसे दिले, त्यांना नावे ठेवली नाहीत.

बोलावणे आले. मायलेकी गेल्या. पत्रावरून डॉक्टर तारीख देतात, विचार करतात, पण निकाल मात्र रुग्णाला तपासूनच देतात. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली आणि अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. त्यात कॅन्सर नव्हता. त्यांनी सांगितले, “अशा गाठीचा कॅन्सर होणे फार क्वचित. अंडाशये चांगली आहेत, ती या वयात विनाकारण काढली तर हाडे लवकर ठिसूळ होतात. आधी रक्त भरून काढू.” लोह शिरेतून दिले. पाळीत रक्त कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांनी बोलावले. तोवर हिमोग्लोबिन ११.२ झाले, पाळी पाच दिवसांवर आली. पुढे त्रास वाढला तर शस्त्रक्रिया लागेलही, पण ती घाईने नव्हे.

दुसरे डॉक्टर दर वेळी ‘नको’च म्हणतील, असे नाही. अस्तरात दोष निघाला असता, तर त्यांनीही शस्त्रक्रियाच सांगितली असती. तेव्हा मग मनात शंका न ठेवता ती करावी.

एक गोष्ट विसरू नका. तासातासाला घडी भिजत असेल, भोवळ येत असेल, तर पत्र लिहीत बसू नये. लगेच दवाखाना गाठावा. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर थोडे असले तरी उशीर न करता दाखवावे.

करून पाहा :
१. घरातल्या एका आजारी माणसाचे कागद काढा. तारखेप्रमाणे लावा.
२. प्रत्येक कागदावरचा एक आकडा त्याच्या मापासह वहीत उतरवा.
३. ४५ मिलिमीटर म्हणजे किती सेंटीमीटर?
४. ‘आईला खूप ताप येतो’ हे वाक्य, कधीपासून आणि किती हे घालून पुन्हा लिहा.