सकाळचा एक प्रश्न आणि त्याला द्यायचे गुण

अलिबाग तालुक्यातल्या थळ गावात खत कारखान्याची चिमणी आणि प्रिलिंग टॉवर लहानपणापासून पाहत वाढलेली मुले आयटीआयला एओसीपी, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, हा दोन वर्षांचा ट्रेड घेतात किंवा केमिकल इंजिनिअरिंगची पदविका करतात. पुढे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स असो, उसर, नागोठणे, रोहा किंवा महाडच्या औद्योगिक पट्ट्यातला एखादा कारखाना असो, कुठे ना कुठे समोर बसलेल्या दोन-तीन माणसांना तोंडी उत्तरे द्यायची वेळ येतेच. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. त्यामुळे काही भरतीत लेखी परीक्षा आणि ट्रेडची चाचणी एवढेच असते. जाहिरात नीट वाचून हे आधी पाहून घ्यावे. पण खासगी कारखाने, कंत्राटदार आणि वरच्या श्रेणीतल्या प्रशिक्षणार्थींच्या जागा यांत मुलाखत आहेच. तिची तयारी बहुतेक घरांत एकाच पद्धतीने होते. तारीख कळली की संभाव्य प्रश्नोत्तरांची यादी मिळवायची आणि ती शेवटच्या चार दिवसांत वाचून काढायची. ही पद्धत का फसते आणि तिच्याऐवजी रोज सकाळी एकच प्रश्न घेऊन, उत्तर बोलून, त्याला स्वतः गुण देण्याची पद्धत नेमकी कशी चालवायची, ते या लेखात पाहू.

वाचून झालेली गोष्ट आपल्याला येते, असे मनाला वाटत राहते. वाटणे आणि येणे यांतले अंतर हेनरी रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात स्पष्ट दिसले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एकाच सत्रात वाचून, नंतर तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना उताऱ्यातला सुमारे ४० टक्के भाग आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्याला पुढे किती आठवेल याचा अंदाज विचारल्यावर वाचणाऱ्यांनीच जास्त खात्री दाखवली होती. मुलाखतीत पुस्तक समोर नसते, आठवावे लागते आणि आठवलेले तोंडाने मांडावे लागते. म्हणून सरावातही तेच करायला हवे. आणि खात्री फसवी असल्यामुळे ती मोजायची सोय सरावातच असायला हवी. ती सोय म्हणजे उत्तरानंतर स्वतःला द्यायचे गुण. हे गुण शाबासकीसाठी नसतात. आपला अंदाज कुठे चुकतो हे दाखवायला आणि कोणता प्रश्न परत कधी घ्यायचा हे ठरवायला ते असतात. तसे वापरले नाहीत, तर रोजचा सराव नुसता नेम म्हणून उरतो.

पद्धत पंधरा मिनिटांची आहे. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात ठेवावेत आणि रात्रीच एक चिठ्ठी न वाचता बाजूला काढून ठेवावी. सकाळी वही-पुस्तक उघडण्याआधी ती वाचावी, मिनिटभर विचार करावा आणि दीड मिनिटाच्या आत उत्तर मोठ्याने बोलावे. फोनवर ते रेकॉर्ड करावे. लगेच, काहीही तपासण्याआधी, आपल्याला सहापैकी किती मिळतील याचा अंदाज वहीत लिहावा. त्यानंतर नोट्स काढाव्यात, रेकॉर्डिंग ऐकावे आणि तीन गोष्टींना प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण द्यावेत. पहिली गोष्ट, पहिल्या वाक्यात प्रश्नाचे थेट उत्तर आले का. दुसरी, सांगितलेली माहिती बरोबर होती का. तिसरी, का आणि कोणत्या क्रमाने हे सांगितले का. सुरक्षेविषयी एक जरी चूक असेल, तर दुसऱ्या गोष्टीला सरळ शून्य. आवाज, हातवारे, आत्मविश्वास यांना गुण नाहीत, कारण ते स्वतःचे स्वतःला नीट मोजता येत नाहीत. शेवटी, उत्तरात काय राहून गेले ते एका वाक्यात लिहावे. दोन किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर तोच प्रश्न तिसऱ्या दिवशी, तीन-चार मिळाले तर आठवड्याने आणि पाच-सहा मिळाले तर तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यावा.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा चिठ्ठीवर प्रश्न आहे : ‘ड्युटीवर असताना अमोनियाचा उग्र वास आला, तर पहिल्यांदा काय कराल?’ नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनवणाऱ्या कारखान्याच्या गावात हा प्रश्न येणारच. पहिल्या सकाळी विद्यार्थिनी म्हणते, ‘सर, अमोनिया विषारी वायू आहे, तो डोळ्यांना आणि श्वासाला घातक आहे, म्हणून मास्क लावून लगेच व्हॉल्व्ह बंद करायचा, कारण सेफ्टी फार महत्त्वाची आहे.’ ती न अडखळता बोलली, म्हणून स्वतःला पाचाचा अंदाज देते. तपासल्यावर चित्र वेगळे दिसते. प्रश्न ‘पहिल्यांदा काय’ असा होता आणि उत्तर अमोनियाच्या वर्णनाने सुरू झाले, म्हणून थेटपणाला शून्य. साधा मास्क लावून गळतीकडे जाणे जिवावर बेतू शकते, म्हणून अचूकतेला शून्य. घातक का, याचे अर्धे कारण आले, म्हणून तिसऱ्या गोष्टीला एक. अंदाज पाच, मिळाला एक. त्या सकाळची खरी कमाई म्हणजे हे चार गुणांचे अंतर. यादी कितीही वेळा वाचली असती, तरी ते तिला दिसले नसते.

तिसऱ्या दिवशी तीच म्हणते, ‘विंडसॉक पाहून वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडेन, शिफ्ट इन्चार्जला जागा कळवेन आणि असेंब्ली पॉइंटवर जाईन. श्वसनसंच आणि परवानगी असल्याशिवाय परत आत जाणार नाही.’ थेटपणा दोन, अचूकता दोन. पण कारण आलेच नाही, म्हणून एकूण चार. वहीत ती लिहिते : ‘वाऱ्याची दिशा का पाहायची, हे राहिले.’ मग ते शोधावे लागते. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका असतो, म्हणून तो वर निघून जाईल असे वाटते. पण द्रवरूप अमोनिया उणे ३३ अंशांच्या आसपास उकळतो. तो गळला की अतिशय थंड वाफ हवेतल्या बाष्पाशी मिसळून पांढऱ्या धुक्यासारखी जमिनीलगत पसरू शकते आणि वारा नेईल तिकडे जाते. एवढे कळले की उत्तराला कणा मिळतो.

‘रोज एकेक प्रश्न म्हणजे शेवटी पाठांतरच’, असा पहिला आक्षेप घेतला जातो. आठवड्याने प्रश्न जसाच्या तसा घेतला, तर हा आक्षेप खरा ठरेल. म्हणून पुन्हा घेताना प्रश्न वळवायचा. वरचाच प्रश्न असा विचारता येतो : ‘तुमचा कारखाना किनाऱ्यावर आहे, मग तुम्ही कोणत्या बाजूला पळाल?’ ज्याने ‘समुद्राच्या बाजूला जायचे’ असे घोकले आहे, तो इथे फसतो. ज्याला कारण माहीत आहे, तो सांगेल की दिशा आधी ठरवता येत नाही. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर असतो. म्हणून प्रत्येक शिफ्टला विंडसॉक पाहायचा. थळच्या कोळीवाड्यातल्या मुलांना वाऱ्याचे हे चक्र घरातूनच माहीत असते, पण ते ज्ञान मुलाखतीत चालते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. वळवलेल्या प्रश्नालाही चांगले गुण मिळाले, तरच विषय पक्का झाला असे समजावे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : ज्याला विषयच कमी येतो, त्याला आपली चूक कशी दिसणार? डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांनी १९९९ साली दाखवले की, चाचणीत सर्वात मागे राहिलेले लोकच स्वतःला सर्वात जास्त वाढवून मोजतात. म्हणूनच ‘उत्तर कसे झाले?’ असा मोघम प्रश्न स्वतःला विचारून गुण देऊ नयेत. पहिल्या वाक्यात उत्तर होते का, माहिती पुस्तकाशी जुळते का, कारण बोलले गेले का, हे रेकॉर्डिंग ऐकून हो किंवा नाही असे सांगता येते. तरीही डोळेझाक होतेच. त्यासाठी आठवड्यातले एक रेकॉर्डिंग दुसऱ्याने ऐकून त्याच तीन गोष्टींना गुण द्यावेत, तेही विद्यार्थ्याचे गुण न पाहता. आयटीआयचे निदेशक, शिफ्टमध्ये काम करणारा शेजारी किंवा त्याच ट्रेडचा मित्र यासाठी योग्य. आई-बाबांना विषय येत नसला, तरी पहिल्या गोष्टीचे गुण ते नक्की देऊ शकतात. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या वाक्यात आले की नाही, हे कोणालाही कळते.

भाषेची चिंता थळसारख्या गावात खरी आहे, कारण समोरचे अधिकारी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतील. सुरुवातीपासून इंग्रजीतच सराव केला, तर आशय चुकला की शब्द सुचला नाही, हे वेगळे काढता येत नाही आणि गुणांना अर्थ उरत नाही. म्हणून प्रश्न आधी मराठीत बोलावा. त्याला पाच मिळाले की पुढच्या फेरीत तेच उत्तर मुलाखतीच्या भाषेत बोलावे. तेव्हा गुण घसरले, तर अडचण फक्त भाषेची आहे आणि कोणती वाक्ये तयार करायची हे कळते.

पालकांनी वही पाहायला हरकत नाही, पण गुणांची बेरीज करू नये. बेरजेची भीती वाटली की मूल गुण वाढवून देऊ लागते आणि मग वहीचा उपयोग संपतो. पाहायचे ते अंदाज आणि मिळालेले गुण यांतले अंतर. ते सलग दोन आठवडे एका गुणाच्या आत राहिले, तर मुलाला आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे समजू लागले आहे. मुलाखतीत न येणाऱ्या प्रश्नाला ‘हे मला माहीत नाही, सर’ असे शांतपणे म्हणता येते, ते या समजेतून. एखाद्या विषयाला मात्र तीन वेळा घेऊनही शून्य किंवा एकच गुण मिळत असेल, तर तो प्रश्न सकाळच्या सरावातून काढून टाकावा. तिथे बोलण्याचा सराव पुरणार नाही. पंप, व्हॉल्व्ह किंवा गेज हाताने उघडून दाखवणारा शिक्षक लागेल. त्या विषयांची यादी घेऊन वर्कशॉपमध्ये जावे आणि तो भाग शिकून झाल्यावरच चिठ्ठी परत डब्यात टाकावी.