‘केलं’ म्हणजे कोणी, कुठं?

पाच आठवडे चाललेलं तिकीट, 64 उत्तरं. एका घाऊक औषध विक्रेत्याच्या गोदामात आमच्या प्रणालीकडून जाणाऱ्या ऑर्डरच्या सूचना मधूनच पोचायच्या नाहीत. प्रकरण इंजिनिअरिंग टीमकडे एस्कलेट करायचं ठरलं आणि सारांश मी लिहिला. ‘करून पाहिलेले उपाय’ या मथळ्याखाली एक ओळ होती: ‘ग्राहकाने सर्टिफिकेट बदलले. उपयोग नाही.’

त्या ओळीपायी चार दिवस गेले. टीमनं सर्टिफिकेटची शंका सोडून दिली आणि आमचाच कोड पिंजत बसली. शेवटी एकानं 31वं उत्तर उघडलं. ग्राहकाच्या आयटीवाल्यांनी तिथं स्पष्ट लिहिलं होतं, “एका सर्व्हरवर बदललंय, दुसऱ्यावर रविवारी करतो.” मी फोन केला, तर ते म्हणाले, “मॅडम, दुसरा राहिलाच की हो.” लोड बॅलन्सरनं सूचना दुसऱ्या सर्व्हरकडे वळवली की मुदत संपलेल्या सर्टिफिकेटपाशी ती अडकायची, पहिल्याकडे गेली की पोचायची. बिघाड सतत न होता मधूनच का होतो, याचं उत्तर मी गाळलेल्या अर्ध्या वाक्यात होतं.

आता ‘केलं’ हा शब्द मी सारांशात एकटा ठेवत नाही. आम्ही सुचवलं, ग्राहक म्हणतात केलं, आणि आम्ही स्वतः तपासलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक उपायापुढे यांतली कोणती ते लिहावं. शिवाय कोणत्या मशिनवर केलं, कशावरून खात्री झाली आणि तिकिटातल्या कितव्या उत्तरात ते आहे, हेही. उत्तराचा क्रमांक दिला की वाचणाऱ्याला माझ्या शब्दावर विसंबावं लागत नाही. आमच्या प्रकरणात दोन्ही सर्व्हरना स्वतंत्रपणे जोडून सर्टिफिकेटची मुदत पाहिली असती, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

घटनाक्रमात मी आणखी एक घोटाळा केला होता. ग्राहक म्हणाले ‘रात्री दोनला बंद पडलं’, पण आमचे लॉग यूटीसी वेळेत. भारतातले रात्रीचे 2 म्हणजे लॉगमध्ये आदल्या तारखेचे 20:30. मी दोन्ही वेळा तशाच एकाखाली एक मांडल्या, त्यामुळे नोंद बिघाडाच्या आधीची वाटली. सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत आणाव्यात. आणि क्रमात फक्त ज्यानं काही बदललं तेच घ्यावं. ‘पाहतो’, ‘कळवतो’ ही उत्तरं गाळली तेव्हा 64 मधून 9 ओळी उरल्या.

सद्यस्थिती मात्र सगळ्यात वर असावी, आणि ‘काम चालू’ एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्यांदा मी लिहिलं: ‘मंगळवार सकाळी 11 पर्यंत तपासले. सर्व्हर 1 वर नवे सर्टिफिकेट, सर्व्हर 2 वर मुदत संपलेले. ग्राहक आज सायंकाळी बदलणार. त्यानंतर दोन्ही आम्ही तपासू.’