गरोदरपणातला ताप अंगावर काढू नका

प्रश्न : मला दुसरा महिना सुरू आहे. परवा १०१ ताप होता. बाळाला बाधेल म्हणून गोळी घेतली नाही. सासूबाई गरम पाण्याची अंघोळही नको म्हणतात.
– एक वाचक, बपेरा (जि. भंडारा)

उत्तर : ताई, गोळीपेक्षा अंगात मुरलेला ताप बाळाला जास्त बाधू शकतो. पाळी चुकल्यावर साधारण दोन आठवड्यांत बाळाचा मेंदू आणि मणका घडवणारी नळी मिटते. तेव्हा अंग १०२च्या वर बराच वेळ राहिले, तर दोषाची शक्यता थोडी वाढते. तुमचा ताप त्याखाली होता, घाबरू नका. पुन्हा आला तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, आयब्युप्रोफेन नको. त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. बादलीभर कोमट पाण्याची अंघोळ चालते. हॉट टबमध्ये मात्र घाम वाळत नाही, अंग तापतच जाते, तो टाळा.