पाटीचा फोटो आणि लेकराच्या जन्मदाखल्याचा खर्च

बीडच्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांवर जातात. त्यातल्या बऱ्याच बेळगाव, बागलकोट, विजयपूर या कर्नाटकातल्या जिल्ह्यांत पोचतात. हंगाम मार्चपर्यंत चालतो आणि त्या चार-पाच महिन्यांत काही बायांची बाळंतपणं फडाजवळच्या दवाखान्यात किंवा खोपीतच होतात. टोळी गावी परतते, आणि लेकराचा दाखला हवा असं अंगणवाडी-शाळेच्या वेळी लक्षात येतं. तो दाखला बीडला मिळत नाही. जन्म जिथं झाला तिथंच त्याची नोंद व्हावी, असं १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशासह कित्येक कामांसाठी हाच दाखला पुरावा म्हणून लागतो.

म्हणून आईबाप तिकडं जातात आणि तालुक्याच्या सरकारी इमारतीत शिरतात. भिंतीवर कार्यालयांची आणि मजल्यांची मोठी पाटी असते, पण सगळी कानडीत. फोटो काढून ओळखीच्या माणसाला पाठवला तर तो ओळी वाचून देतो. तरीही माणूस चुकीच्या दाराशी उभा राहू शकतो आणि एक दिवस जातो. या कामात सरकारी शुल्कापेक्षा वाया गेलेला दिवसच महाग पडतो.

समजा, लेकरू अथणी तालुक्यातल्या एका गावी झालं. तालुक्याच्या इमारतीला लोक ‘मिनी विधानसौध’ म्हणतात. काही ठिकाणी आता ‘तालूकु आडळित सौध’ असं नाव दिसतं. पाटीवर साधारण अशा ओळी असतात. ‘नेल महडि’ म्हणजे तळमजला, ‘मोदलने महडि’ पहिला मजला, ‘एरडने महडि’ दुसरा. ‘कोठडि संख्ये’ म्हणजे खोली क्रमांक; कोठडी ऐकून दचकू नका. ‘तहशीलदार’ आणि ‘कचेरि’ हे आपलेच शब्द. ‘भूमापन’ म्हणजे मोजणी, ‘उप खजाने’ म्हणजे उपकोषागार, ‘आहार’ म्हणजे रेशनचं खातं, ‘चुनावणे’ म्हणजे निवडणूक शाखा. ‘बलक्के’ लिहिलं असेल तर उजवीकडं वळायचं, ‘एडक्के’ असेल तर डावीकडं.

फसगत होते ती ‘उप नोंदणाधिकारिगळ कचेरि’ या ओळीवर. भाषांतर करणारा प्रामाणिकपणे ‘उपनिबंधक कार्यालय’ असं सांगतो, आणि नोंदणी म्हटल्यावर दाखल्याचंच दार असणार असं कुणालाही वाटेल. पण तिथं जमिनीची खरेदीखतं होतात. आपल्याकडं दुय्यम निबंधकाकडं जी गर्दी असते, तीच ही. रांग लांब आणि बाहेर मध्यस्थ बसलेले असल्यामुळं सकाळ तिथंच जाते. आपल्याला हवी ती ओळ ‘जनन मरण नोंदणि’. पाटीवर ती नसेल तर इमारत चुकली असं समजू नका. बऱ्याचदा हे काम तहसील कार्यालयातल्या एखाद्या शाखेत किंवा जुन्या नोंदींच्या खोलीत असतं, आणि मोठ्या पाटीवर फक्त ‘तहशीलदार’ एवढंच असतं. विचारायचं वाक्य असं: ‘जनन प्रमाणपत्र एल्लि कोडुत्तारे?’ सीमेजवळच्या अथणी, चिकोडी भागात मराठीतून विचारलं तरी बहुधा कुणीतरी उत्तर देतं.

आकडे कानडी असतील तर जास्त जपा. कानडी एक हा खाली उघड्या राहिलेल्या गोलासारखा असतो, घाईत शून्य वाटतो. सहा आणि नऊ यांत फक्त शेपटीचा फरक. म्हणून फोटो दोन काढा: एक पूर्ण पाटीचा, इमारतीच्या नावासकट, आणि एक जवळून, फ्लॅश बंद करून, कारण काचेवर फ्लॅश पडला की नेमक्या आकड्यावर पांढरा डाग येतो. पाटीशेजारी साधा कागद चिकटवलेला असेल तर त्याचाही फोटो घ्या. कार्यालयं जागा बदलतात, रंगवलेली पाटी मात्र तशीच राहते. नवी जागा त्या कागदावर असते.

आता खर्च. जन्माची माहिती २१ दिवसांत दिली तर नोंद मोफत, आणि दाखल्याची पहिली प्रतही मोफत. २१ ते ३० दिवसांत किरकोळ विलंब शुल्क लागतं. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि शुल्क लागतं. मात्र २०२३ च्या दुरुस्तीनंतर यासाठी नोटरीचं प्रतिज्ञापत्र लागत नाही, स्वतः सही करून साक्षांकित केलेला कागद चालतो. ‘नोटरी करून आणा’ म्हणून बाहेरच्या टेबलाकडं कुणी पाठवलं तर हे आठवा.

वर्ष उलटलं आणि नोंदच सापडली नाही, तर गोष्ट वेगळी होते. तेव्हा जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांच्या अधिकारातल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, तोही जन्म झालेल्या भागातल्या. अथणी तालुका चिकोडी उपविभागात येतो. उपविभागीय अधिकाऱ्याकडं जायची वेळ आली तर ते दार अथणीच्या पाटीवर कितीही शोधलं तरी दिसणार नाही. अर्ज तहसीलदाराकडं चालेल की चिकोडीला जावं लागेल, हे पहिल्याच टेबलावर विचारून घ्या.

प्रवासाचा हिशोब आईच्या तिकिटापासून करा. आपल्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. कर्नाटकातली ‘शक्ती’ योजना बायकांना मोफत बस देते, ती त्या राज्यात राहणाऱ्यांना. बीडच्या पत्त्याच्या आधारवर पूर्ण तिकीट पडतं. शिवाय दोघांची मजुरी बुडते आणि मुक्काम करावा लागला तर जेवणखाण वेगळं. वारही बघा: तिकडं दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, पहिला आणि तिसरा चालू. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी असते.

त्यामुळं निघण्याआधी फोनवर एवढं काम करा. जन्म दवाखान्यात झाला असेल तर आधी त्या दवाखान्यात चौकशी करा, कारण नोंद तिथूनच गेलेली असू शकते. नोंद शोधायला लेकराचं नाव देऊ नका. जन्माच्या वेळी ते बहुधा लिहिलेलंच नसतं. आईचं नाव, तारीख आणि गाव द्या. नाव नसलेली नोंद सापडली तर वर्षाच्या आत नाव घालायला शुल्क नाही, नंतर विलंब शुल्क लागतं. मुकादमाकडून कारखान्याचं आणि फडाच्या गावाचं नाव नेमकं लिहून घ्या, कारण शेजारचं गाव कधी दुसऱ्या तालुक्यात असतं आणि मग पाटीच दुसरी.

इमारतीतून बाहेर पडताना हातात कागद असू द्या: दाखला, नाहीतर अर्जाची पोच, नाहीतर नोंद सापडत नसल्याचा दाखला. दंडाधिकाऱ्याकडं जायचं ठरलं तर हा शेवटचा कागद बहुधा आधी विचारला जातो, आणि तो त्याच तालुक्याच्या टेबलावर मिळतो. तो न घेता चिकोडीला गेलात तर परत अथणीला यावं लागेल.