भागीदाराला महिन्याची चिठ्ठी : नफा, उचल आणि शिल्लक माल

कापडाच्या धंद्यात दोन भाऊ किंवा दोन मित्र शिर्कत करतात, तेव्हा भांडण बहुधा तोट्याच्या वर्षी होत नाही. ते होते चांगल्या हंगामात. दुकान मालाने भरलेले असते, गिऱ्हाईक चालू असते आणि बाहेरगावी असलेला भागीदार विचारतो, "नफा झाला म्हणता, मग बँकेतली रक्कम कमी कशी झाली?" दुकानावर बसणाऱ्याला उत्तर माहीत असते, पण सांगता येत नाही. मनात शंका शिरते आणि नाते बिघडते. ही शंका दूर करण्यासाठी महिन्याला एक पानाची चिठ्ठी पुरे होते. ती कशी लिहावी, हे येथे आकड्यांनिशी पाहू.

बडनेऱ्याच्या एका कापड दुकानाचे उदाहरण घेतले आहे. समजण्यास सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत. महिना रमजानच्या आधीचा, म्हणजे शाबानचा धरला आहे. या महिन्यात आपल्याकडील दुकानदार सुरतेहून ड्रेस मटेरियल आणि साड्या मागवतो, काही माल अमरावतीच्या बिझीलँडमधून उचलतो आणि विक्री मात्र खरी पुढच्या महिन्यात होते. दुकानावर बसणाऱ्या धाकट्या भागीदाराचे भांडवल २ लाख आहे, नागपुरात नोकरी करणाऱ्या थोरल्याचे ४ लाख. नफा निम्मा-निम्मा ठरला आहे. जीएसटीची रक्कम या हिशोबात धरलेली नाही. ती सरकारची अमानत आहे, तिला गल्ल्यातला पैसा समजणाऱ्याचा हिशोब पहिल्या ओळीपासूनच चुकतो.

धाकट्याने लिहावे ते असे :

"भाईजान, अस्सलामु अलैकुम. महिन्याच्या सुरुवातीला दुकानात ६,४०,००० चा माल होता. महिन्यात ४,००,००० ची खरेदी झाली, त्यावर भाडे व हमाली ६,०००. म्हणजे एकूण १०,४६,००० चा माल हाताखालून गेला. महिनाअखेर मोजला तेव्हा ८,०८,००० चा शिल्लक आहे. कमी झाला २,३८,००० चा. त्यातले २,००० चे कापड मी घरी नेले, ते माझ्या नावे टाकले आहे. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत २,३६,०००. विक्री झाली ३,००,०००. ढोबळ नफा ६४,०००. दुकानभाडे ८,०००, नोकरांचा पगार १२,०००, वीज व किरकोळ ४,०००, असा खर्च २४,०००. राहिला नफा ४०,०००."

येथवर बहुतेक दुकानदार येतात, आणि येथेच थोरला भागीदार बँकेचे पुस्तक पुढे करतो. सुरुवातीला रोख व बँक मिळून १,१०,००० होते, अखेरीस ५७,००० आहेत. नफा ४०,००० आणि पैसा ५३,००० ने कमी! चिठ्ठीचा दुसरा भाग यासाठीच असतो.

"भाईजान, पैसा कुठे गेला ते पाहा. शिल्लक माल १,६८,००० ने वाढला, तो रॅकवर आहे. उधारी दिली ४०,००० ची, जुनी वसूल झाली २५,०००, म्हणजे १५,००० लोकांकडे जादा अडकले. आपण दोघांनी ३०,००० उचलले : तुम्हाला बँकेतून १०,००० पाठवले, मी १८,००० रोख आणि २,००० चे कापड घेतले. हे सारे २,१३,००० झाले. याच्यासमोर नफा ४०,०००, आणि व्यापाऱ्यांचे देणे १,२०,००० ने वाढले, कारण सुरतेचा माल उधारीवर आला आहे. हे दोन्ही मिळून १,६०,०००. दोहोंतला फरक ५३,०००. गल्ल्यातून तेवढेच कमी झाले."

हा ताळा जमला की चिठ्ठी खरी ठरते. जमला नाही तर रोजमेळात काही तरी लिहायचे राहून गेले आहे, बहुधा एखादी उचल किंवा एखाद्या व्यापाऱ्याला दिलेली रोख रक्कम. नफा हा गल्ल्यात दिसत नाही. तो माल, उधारी, रोख आणि देणे या चौघांत विभागलेला असतो. दुसऱ्या बाजूनेही तपासता येते. सुरुवातीला माल ६,४०,०००, येणे ७०,००० आणि रोख १,१०,००० मिळून ८,२०,००० होते. त्यातून व्यापाऱ्यांचे देणे २,१०,००० वजा केले की दोघांचे मिळून ६,१०,००० राहतात. अखेरीस माल, येणे ८५,००० आणि रोख यांची बेरीज ९,५०,०००, देणे ३,३०,०००, राहिले ६,२०,०००. धंदा १०,००० ने वाढला. नफा ४०,००० मधून उचल ३०,००० गेली की नेमके १०,०००च उरतात.

आता उचलीविषयी. दरमहा नागपूरला जाणारे १०,००० हे नफा म्हणून लिहायचे नाहीत, उचल म्हणून लिहायचे. हा शब्दांचा खेळ नाही. नफा किती ते हिशोब झाल्यावर कळते, उचल त्याआधीच झालेली असते. भांडवलावर दरमहा ठराविक रक्कम मिळेलच असे लिहून दिले तर ती शिर्कत राहत नाही, तो सूद झाला. म्हणून करारात लिहावे की उचल ही नफ्यापोटी आगाऊ आहे, आणि वर्षअखेर हिश्श्याशी तिचा मेळ घातला जाईल. ज्याने जास्त उचलले तो परत करील किंवा त्याच्या भांडवलातून ती वजा होईल.

धाकट्याचे भांडवल कमी असून नफा निम्मा का, असेही कोणी विचारतो. दुकानावर तो बसतो, म्हणून. हनफी फिकहमध्ये भागीदारांनी आपसात ठरवलेला नफ्याचा हिस्सा भांडवलाच्या प्रमाणाहून वेगळा असू शकतो. मात्र जो काम करणार नाही असे ठरले आहे, त्याला भांडवलाच्या प्रमाणाहून जास्त हिस्सा ठरवता येत नाही. तोटा मात्र भांडवलाच्या प्रमाणातच वाटला जातो, येथे धाकट्याचा एक वाटा आणि थोरल्याचे दोन. आपल्या देशाचा १९३२ चा भागीदारी कायदा वेगळे सांगतो : करारात काही लिहिले नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही सारखे. म्हणजे तोंडी शिर्कतीत तोटा आला आणि प्रकरण कोर्टात गेले, तर शरीअतप्रमाणे ठरवले होते हे सिद्ध करणे कठीण. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, तो आपले लोक वाचतात आणि सख्ख्या भावाशी लिहापढी करायला लाजतात.

यापुढचा भाग सर्वांत नाजूक आहे, तो म्हणजे शिल्लक मालाची किंमत. वरच्या हिशोबातला ४०,००० हा आकडा ८,०८,००० वर उभा आहे. शिल्लक माल १०,००० ने जास्त धरला की नफा आपोआप १०,००० ने वाढतो, एक मीटर कापड न विकता. म्हणून मोजणी कशी केली हे चिठ्ठीत लिहिलेच पाहिजे. भाव धरायचा तो आपल्याला पडलेला, खरेदी आणि भाडे मिळून. कापडवाले चिठ्ठीवर गुप्त अक्षरांत हाच भाव लिहितात. विक्रीचा भाव धरला तर न विकलेल्या मालावरचाही नफा आज खाल्ला जातो.

आणि पडलेल्या भावाइतकेही आता जे कापड मिळवून देणार नाही, त्याचा भाव खाली आणायचा. समजा मोजणीत दोन वर्षांपूर्वीचे ड्रेस पीस निघाले, पडलेला भाव ३०,०००. घडीवर रंग उडाला आहे, ती फॅशन गेली आहे, आठवडी बाजारात ढीग लावून विकले तर १२,००० येतील. तर १८,००० या महिन्याच्या नफ्यातून वजा करायचे. गल्ल्यातून पैसा गेला नाही, तरी नफा ४०,००० चा २२,००० झाला. प्रत्येकाच्या वाट्याला ११,०००. थोरल्याने १०,००० उचलले, तो हिश्श्याच्या आत आहे. धाकट्याने २०,००० उचलले, तो ९,००० ने पुढे गेला. दोघांची उचल नफ्याहून ८,००० ने जास्त. मागचा न वाटलेला १०,००० नफा होता म्हणून मूळ ६ लाखांना धक्का लागला नाही, पण त्यातले आता फक्त २,००० उरले. असे आणखी दोन महिने चालले तर दोघे आपले भांडवलच घरी नेत असतील, आणि दुकान मात्र भरलेले दिसेल.

दुकानावर बसणाऱ्याला हा भाव खाली आणणे जड जाते, कारण खरेदी त्यानेच केलेली असते. म्हणून जुना माल कोणता हे त्याच्या मनावर सोडू नये. चिठ्ठीवर खरेदीचा महिना लिहावा, आणि एक ईद व एक लग्नसराई पाहूनही जो विकला गेला नाही तो माल वेगळ्या रॅकवर काढावा. त्याचा भाव दोघांनी मिळून ठरवावा.

दुसरी चूक उलट दिशेची असते. सुरतेच्या व्यापाऱ्याचे बिल २८ तारखेचे, पार्सल ट्रान्स्पोर्टमधून सुटले ३ तारखेला. बिल खरेदीत लिहिले आणि माल मोजणीत आला नाही, तर बिलाच्या रकमेइतका नफा गायब होतो. बिल ३५,००० चे असेल तर ४०,००० च्या जागी ५,००० दिसतील आणि भागीदार चोरीचा संशय घेईल. मोजणीच्या रात्री न सोडवलेल्या बिल्ट्या काढून त्यांचा माल शिल्लकीत धरावा, किंवा ते बिल पुढच्या महिन्यात घ्यावे. दोन्हीपैकी एकच.

बाहेरगावच्या भागीदाराला घरी बसून करता येणारी एक तपासणी आहे. ढोबळ नफा विक्रीच्या रुपयामागे किती पैसे पडतो ते दर महिन्याला लिहून ठेवावे. येथे ३ लाखांवर ६४,०००, म्हणजे सुमारे २१ पैसे. कापडाच्या एकाच दुकानात हा आकडा महिन्यागणिक फार हलत नाही. तो एकदम ३० झाला तर माल जास्त मोजला असेल किंवा एखादे खरेदीचे बिल लिहायचे राहिले असेल. १२ वर आला तर बिल्टीची चूक, न लिहिलेली विक्री, घरी गेलेले कापड किंवा जबर सूट यांपैकी काही तरी आहे. सूट दिली असेल तर विक्रीच्या पुस्तकात ती दिसेल. बाकीच्यांसाठी खातेवही उघडावी लागते, आणि ती पाहण्याचा व तिची नक्कल घेण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक भागीदाराला दिला आहे.

दर महिन्याला सगळा माल मोजणे एकट्याला जमत नाही, हेही खरे. मग एका महिन्यात साड्यांचे रॅक, दुसऱ्यात ड्रेस मटेरियल, तिसऱ्यात शर्टिंग-सूटिंगचे तागे आणि तुकडे मीटरने, असे पाळीने मोजावे. उरलेला भाग स्टॉक वहीवरून घ्यावा आणि चिठ्ठीत तसे लिहावे. पूर्ण मोजणी वर्षातून दोनदा तरी हवी, एक ईदनंतर आणि एक मार्चअखेर, आणि त्या रात्री थोरल्या भागीदाराने बडनेऱ्याला यावे. चिठ्ठीच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर दोघांची सही असावी. एक दुकानाच्या फायलीत राहील, दुसरी नागपूरला जाईल.