उतरलेली कळ

पंक्तीत जिलब्या अंमळ अधिक झाल्या, एवढाच निष्कर्ष मी त्या सोमवारी सायंकाळी बेंबीभोवती मंद कळ सुरू झाली तेव्हा काढला. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनाही तो मान्य झाल्यामुळे ओव्याची फक्की, हिंगाचा लेप व गरम पाण्याची पिशवी अशी तजवीज होऊन मी अंथरुणाला पाठ टेकली. रात्री दोनदा उलटी झाली, आणि सकाळी आवडत्या वरणभाताचा नुसता वास येताच मी पान दूर सारले. कळ आधी आणि मळमळ मागाहून, हा क्रम अजीर्णापेक्षा निराळ्या विकाराकडे बोट दाखवतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दुपारपर्यंत कळ बेंबी सोडून उजव्या ओटीपोटात मुक्कामाला आली. मोठ्या आतड्याच्या आरंभी बोटाएवढी पोकळ शेपटी असते, तिला आंत्रपुच्छ म्हणतात. तिची पोकळी मळाच्या खड्याने वा सुजेने बुजली की ती आतून ताणली जाते, आणि तिच्या मज्जातंतूंना जागेचे नेमके भान नसल्यामुळे वेदना प्रथम बेंबीपाशी भासते. सूज उदराच्या अस्तराला भिडली, की मात्र रोगी एका बोटाने जागा दाखवतो: बेंबी आणि उजव्या कटीच्या हाडाचे पुढचे टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर. मला खोकताना तिथे सुरी फिरल्यासारखे होई. काकूंनी मात्र कोठा साफ करण्याचे फर्मान काढले, आणि मी दोन चमचे एरंडेल घेतले. या दुखण्यात याहून अनिष्ट इलाज नाही, कारण रेचकाने आतडी ढवळली जाऊन सुजलेली शेपटी फुटण्याचा धोका वाढतो.

रात्री नऊच्या सुमारास कळ एकाएकी उतरली. साऱ्या घराला हायसे वाटले, मी पेजही मागितली. ते उतरणे म्हणजेच ताणलेले आंत्रपुच्छ फुटणे होते. पू पोटात पसरायला लागलेला अवधीच आम्ही आराम समजलो. मध्यरात्री हुडहुडी भरली, पोट फळीसारखे ताठ झाले, आणि पहाटे शस्त्रक्रिया होऊन कुशीत पू वाहून जाण्याची नळी घेऊन मी बारा दिवस रुग्णालयात पडून राहिलो.

“दुपारी का नाही आलात?” शल्यचिकित्सकांनी विचारले. मी एरंडेलाची कबुली दिली.

म्हणून सांगतो: कळ सरकून उजवीकडे स्थिरावली, अन्नावरची वासना उडाली, चालताना वा गाडीच्या धक्क्याने दुखू लागले, तर रेचक नको, शेक नको, पोटात अन्नपाणी नको, ताप नसला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांच्यात ही चिन्हे पुष्कळदा अस्पष्ट असतात, शिवाय मूतखडा किंवा बीजकोशाचा विकारही असाच दुखतो. तो निवाडा घरच्यांनी करण्याचा नव्हे. आणि कळ एकाएकी थांबलीच, तर पेज चुलीवर ठेवण्याआधी गाडी बोलवावी.